‘सर, एक काम होतं’ एवढ्यावर कोण उत्तर देईल?

ताई, नमस्कार. मी वाळूजला एका कंपनीत तीन वर्षं चार महिने क्वालिटीत होतो, आता शेंद्र्याला आहे. चाकणच्या एका कंपनीत निवड जवळपास झालीय, पण त्यांना आधीच्या साहेबांचा रेफरन्स पाहिजे. आत्ताच्या साहेबांना तर सांगता येत नाही. म्हणून वाळूजच्या सरांना रविवारी रात्री व्हॉट्सॲप केलं, "सर नमस्कार, कसे आहात". ते म्हणाले, "मजेत". मग मी, "सर एक काम होतं". मग, "तुमचा नंबर एका ठिकाणी रेफरन्सला देऊ का". सोमवारी, "सर??" मंगळवारी, "थोडं अर्जंट होतं सर" आणि जोडलेले हात. निळ्या खुणा दिसायल्यात, उत्तर नाही. फॉर्म 14 नोव्हेंबरला भरायचाय. मित्र म्हणतो रीतसर ईमेल कर, पण त्यात नेमकं काय लिहायचं ते उमगत नाही. आणि एक, मी राजीनामा दिला तेव्हा ऑडिटचा महिना होता, सर नाराज होते.
– वाळूज सोडलेला एक जण, सिडको, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार.

पत्र बुधवारी हातात पडलं आणि तारीख जवळची होती, म्हणून मुख्य मुद्दे तुम्हाला त्याच संध्याकाळी कळवले. आता सविस्तर लिहिते, कारण असे मेसेज पाठवून वाट बघत बसलेली तुमच्यासारखी पुष्कळ मंडळी आहेत.

आधी सरांच्या बाजूनं तुमचे मेसेज वाचू. मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बरीच वर्षं एचआरचं काम केलंय. "एक काम होतं" हे वाक्य आपल्याकडे कशाकशासाठी वापरतात ते तुम्हालाही माहीत आहे. हातउसने पैसे, पतसंस्थेला जामीन, भाच्याला कंपनीत चिकटवणं, लग्नाला गाडी. त्याच्या मागोमाग "तुमचा नंबर रेफरन्सला देऊ का" आलं, तर माणूस सावध होणारच. कर्जाच्या फॉर्मवरही रेफरन्स म्हणून दोन जणांचे नंबर मागतात. मग हप्ता थकला की वसुलीवाले त्या दोघांना फोन करून हैराण करतात. ज्याला हा ताप एकदा झालाय, तो "रेफरन्स" शब्द दिसला की फोन उपडा ठेवतो. नोकरीसाठी, चाकणसाठी, क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी, हे तुम्ही पाच मेसेजमध्ये कुठंच लिहिलेलं नाही. याला म्हणतात ताकाला जाऊन भांडं लपवणं.

बरं, सरांनी तुमचं काम ओळखलं असं धरू. तरी "देऊ का" याला "दे" म्हणताना त्यांच्या डोक्यात चार प्रश्न उभे राहतात. कोण फोन करणार? काय विचारणार? लिहून द्यावं लागेल का? कंपनीला चालेल का? हे प्रश्न तुम्हाला परत विचारायचे म्हणजे चार मेसेज टाईप करायचे. शिफ्ट बदलायच्या गडबडीत ते म्हणतात, रात्री बघू. रात्री विसरतात. आणि मग "सर??" येतं. दोन प्रश्नचिन्हांत जाब विचारल्याचा सूर असतो, तुमच्या मनात तसं नसलं तरी. निळ्या खुणा म्हणजे नकार, असा अर्थ एवढ्यात लावू नका. उत्तर देणं सोपं नव्हतं, म्हणून ते राहिलं.

ईमेल लिहायला बसण्याआधी एक फोन मात्र करा, सरांना नव्हे, चाकणच्या एचआरला. पडताळणी तुम्ही स्वतः करता की बाहेरच्या एजन्सीकडून? फोन असतो की ईमेलवर फॉर्म येतो, आणि त्यात काय विचारता? साधारण कोणत्या तारखांना? आणि सरांचा कंपनीचा ईमेल लागतो की खासगी चालतो? एवढंच विचारायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांना हे प्रश्न रोजचे आहेत. पुष्कळ ठिकाणी रेफरन्स देणाऱ्याचा कंपनीचाच ईमेल मागतात, कारण खासगी पत्त्यामागं खरंच साहेब आहेत की उमेदवाराचा मावसभाऊ, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. उत्तरं मिळाली की सरांच्या चारपैकी तीन प्रश्नांचं उत्तर तुमच्या हातात असेल. चौथा, म्हणजे कंपनीला चालेल का, तो त्यांच्यावरच सोडायचा. त्याकडे पुढे येते.

आता पत्ता. तुम्ही म्हणाल, सरांचा कंपनीचा ईमेल पाठ आहे, त्यावर टाकतो. थांबा. तो ईमेल कंपनीच्या मालकीचा आहे, आयटीवाले तो बघू शकतात, आणि जुन्या माणसाला दुसऱ्या कारखान्यात जायला आपले साहेब मदत करतायत, असं चित्र तिथं उभं राहणं सरांना नको असेल. म्हणून व्हॉट्सॲपवर शेवटचा एकच मेसेज करा आणि आधीचं सगळं त्यातच निस्तरा:

"सर, नमस्कार. आधीचे मेसेज मोघम झाले, माफ करा. नोकरीच्या रेफरन्सबद्दल आहे, पैशाचं किंवा जामिनाचं काही नाही. सगळा तपशील ईमेलनं पाठवतो म्हणजे आपल्याला सवडीनं बघता येईल. कोणत्या ईमेलवर पाठवू?"

जामिनाचं वाक्य वाचून तुम्हाला हसू येईल. सरांनाही येईल, आणि आलं तर चांगलंच आहे. याला उत्तर म्हणून त्यांना फक्त एक पत्ता टाकायचाय. दिवसभरात तोही आला नाही, तर तुमच्याकडे असलेल्या खासगी पत्त्यावर पाठवा. खासगी नसेलच तर कंपनीच्या पत्त्यावर पाठवा, पण मग विषयाच्या ओळीत नव्या कंपनीचं नाव घालू नका.

मी असते तर ईमेल असा लिहिला असता. गाळलेल्या जागा तुम्ही भरा.

विषय: रेफरन्ससाठी आपली परवानगी, मंगळवार 11 नोव्हेंबरपर्यंत – (तुमचं नाव), प्रेस शॉप क्वालिटी 2019 ते 2022

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

जून 2019 ते ऑक्टोबर 2022 मी प्रेस शॉपच्या क्वालिटीत आपल्या हाताखाली होतो. चाकणच्या (कंपनीचं नाव) मध्ये क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझी निवड शेवटच्या टप्प्यात आहे. त्यांच्या फॉर्ममध्ये पूर्वीचे वरिष्ठ म्हणून आपलं नाव, हुद्दा आणि मोबाईल नंबर देण्यास आपली परवानगी आहे का?

आपण हो म्हणालात, तर 17 ते 21 नोव्हेंबरच्या आठवड्यात त्यांच्या एचआरकडून एक फोन येईल. साधारण दहा मिनिटांचा. लेखी काही द्यावं लागणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं आहे. फोन ज्या नंबरवरून येईल तो आणि बोलणाऱ्या मॅडमचं नाव खाली दिलं आहे. आपल्याला सोयीची वेळ कळवलीत तर मी त्यांना तीच वेळ देईन.

उत्तरादाखल "हो", "नको" किंवा "एचआरला विचार" एवढं लिहिलं तरी पुरे. मी ऐन ऑडिटच्या महिन्यात काम सोडलं, त्यामुळे आपली ओढाताण झाली याची मला जाणीव आहे. आपल्याला बोलणं अवघड वाटत असेल, किंवा कंपनीच्या नियमात बसत नसेल, तर नि:संकोच नको म्हणा. मी दुसरी सोय करू शकतो.

आपल्या आठवणीसाठी, माझ्या नोंदीप्रमाणे:
रुजू: 17 जून 2019, शेवटचा दिवस: 15 ऑक्टोबर 2022
रुजू होताना हुद्दा: क्वालिटी इन्स्पेक्टर, सोडताना: ज्युनिअर इंजिनिअर
ब्रॅकेटला बर येत असल्याच्या ग्राहकाच्या तक्रारीवर 8डी रिपोर्ट मी तयार केला होता. त्यानंतर दर शिफ्टच्या सुरुवातीला फर्स्ट पीस तपासणी आपण सक्तीची केली.
शेवटचं दीड वर्ष दुसऱ्या शिफ्टची तपासणी माझ्याकडे होती.

फोन करणाऱ्या मॅडमचं नाव: ____, नंबर: ____

रेझ्युमे सोबत जोडला आहे, एका पानाचा आहे. फॉर्म 14 तारखेला भरायचा आहे.

आपला,
(नाव, मोबाईल)

मेल साधारण 200 शब्दांचा आहे, मोबाईलवर दोन-तीनदा बोट फिरवलं की संपतो. आता यातल्या काही जागांविषयी बोलते, कारण नुसती नक्कल केली तर त्या तुमच्याकडून हमखास बिघडतील.

पहिली जागा विषयाच्या ओळीची. सरांना दिवसाला शंभरेक मेल येत असतील, त्यात "नमस्कार" किंवा "विनंती" नावाचा मेल तळाला जातो. ओळीत काय हवंय, कधीपर्यंत आणि कोण, ही तिन्ही असू द्या. तारीख 14 ऐवजी 11 का, हेही सांगते. सर नको म्हणाले तर दुसऱ्या माणसाला विचारायला तुम्हाला तीन दिवस मिळतात. पण 11 लिहून खरी तारीख लपवायची नाही, म्हणून शेवटी 14 दिली आहे. लटकी घाई दाखवली आणि ती उघडी पडली की पुढचा शब्द खोटा वाटतो.

दुसरी जागा परवानगीची. तुमचं मूळ वाक्य "नंबर देऊ का" असं होतं. मेलमध्ये कोणाला, कशासाठी, काय काय देणार ते आहे. न विचारता नाव टाकणारेही भेटतात. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं असंच माझं नाव दिलं होतं. एजन्सीचा फोन आला तेव्हा मी मोंढ्यात ज्वारीचा भाव करत होते. "कधीपासून कधीपर्यंत होते?" मी अंदाजानं एक साल सांगितलं, त्याच्या फॉर्मवर दुसरं होतं. एजन्सीनं अहवालात तफावत असा शेरा मारला आणि त्याला अनुभवाचा दाखला परत पाठवून, मागच्या कंपनीच्या एचआरकडून खातरजमा करून घेईपर्यंत पंधरा दिवस ताटकळावं लागलं. चूक माझी होती, भोगलं त्यानं. म्हणून मेलमध्ये रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख घालायची. आणि ती आठवणीतून लिहायची नाही. नेमणूकपत्र आणि रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा, त्यावरून उतरवा. तुमच्या फॉर्मवर, रेझ्युमेवर आणि या मेलमध्ये तारीख आणि हुद्दा अक्षरशः सारखाच हवा. एका ठिकाणी इन्स्पेक्टर आणि दुसऱ्या ठिकाणी इंजिनिअर असं झालं तर तिथंच घोडं पेंड खातं.

आठवणीच्या ओळींत मोह आवरा. "मी अत्यंत मेहनती व प्रामाणिक होतो" असं लिहून सरांच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, त्यांचं मत ते देतील. तुम्ही फक्त घडलेल्या गोष्टी द्या, ज्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. ज्याची त्यांनी स्वतः सही केली असेल असं काम उत्तम. 8डी रिपोर्ट त्यातलाच. श्रेय वाटून द्या, म्हणून मी "आपण सक्तीची केली" असं लिहिलं, आणि ते खरंही असतं, इन्स्पेक्टर कुठली सक्ती करू शकतो! रिजेक्शन किती टक्क्यांनी कमी झालं वगैरे आकडे नका घालू. ते कंपनीचे आहेत, आणि सरांना वेगळा आकडा आठवला तर फोनवर अडचण होईल. दोन गोष्टी पुरेत. सहा दिल्या तर एकही लक्षात राहणार नाही.

आता ऑडिटची गोष्ट. तुमच्या पत्रात ती शेवटी आलीय, पण मला तीच सगळ्यात मोठी वाटते. पडताळणीत नोटीस पूर्ण केली का, आणि हा माणूस परत आला तर घ्याल का, हे दोन प्रश्न बहुधा असतातच. दुसऱ्या प्रश्नावर सर नुसते "अं..." करून थांबले, तरी ऐकणारा कागदावर काहीतरी लिहितो. कोरडा रेफरन्स मिळण्यापेक्षा तो न मिळालेला बरा. म्हणूनच मेलमध्ये नको म्हणायची वाट मुद्दाम रुंद ठेवली आहे. सरांच्या मनात खरंच अढी असेल तर ती तुम्हाला आत्ता, मेलच्या उत्तरात कळू द्या, चाकणच्या एचआरला फोनवर नको. आणि एका वाक्यात जाणीव असल्याचं सांगून थांबायचं. तेव्हा आईचं ऑपरेशन होतं, पगार थकला होता, असलं काही तिथं लिहायला घेतलंत तर मेलचा विषयच बदलतो. ते बोलायचं असेल तर कधी पैठण गेटला चहावर बोला. नोटीस कमी भरली असेल तर चाकणच्या एचआरला तुम्हीच आधी सांगून ठेवा, ते त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको.

"एचआरला विचार" हा तिसरा पर्याय कशाला, असं वाटेल. पुष्कळ कंपन्यांत नियमच असतो की माजी कर्मचाऱ्याबद्दल फक्त एचआर बोलेल, आणि तेही तारखा नि हुद्दा एवढंच सांगेल. साहेबांनी परस्पर मत द्यायचं नाही. सरांना हा नियम मोडायचा नसतो आणि तुम्हाला नाहीही म्हणवत नाही, मग ते गप्प बसतात. तुम्हीच ती वाट दाखवली की दोन शब्दांत मोकळे होतात. तसं उत्तर आलं तर चाकणला सरळ कळवा की जुन्या कंपनीत रेफरन्स एचआरमार्फतच मिळतो, पत्ता हा घ्या. त्यांना ते नवीन नसतं. आणि अनुभवाचा दाखला किंवा रिलीव्हिंग लेटर यासाठी सरांना मुळीच गळ घालू नका. ती कागदपत्रं एचआरनं द्यायची असतात, त्यात साहेबांचा उपकार नाही.

भाषेचं विचाराल तर सरांशी तुम्ही मराठीत बोलायचा, म्हणून मेल मराठीत. ऑफिसात सगळा व्यवहार इंग्रजीत असेल तर इंग्रजीत लिहा, मात्र मजकूर हाच ठेवा. "सर" आणि "आपण" धरलं की शेवटपर्यंत धरा. मधेच "तुम्ही सांगा ना सर" झालं की व्हॉट्सॲप परत डोकावतं. जोडलेले हात मेलमध्ये नकोत. "तसदीबद्दल क्षमस्व" तीनदा नको, एकदाही नसलं तरी चालेल.

मेल शुक्रवारी सकाळी दहाच्या आत टाका, दिवसाच्या पहिल्या मीटिंगआधी. महिन्याचे शेवटचे तीन दिवस डिस्पॅचची झुंबड असते, तेव्हा असं काही पाठवू नये. तुमच्या नशिबानं ही नोव्हेंबरची सुरुवात आहे. पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका, "सर, ईमेल पाठवला आहे, सवडीनं बघा", कारण आपल्याकडे खासगी ईमेल आठवडा-आठवडा न उघडणारी माणसं आहेत. मग सोमवारपर्यंत काही नाही. सोमवारी 10 तारखेला त्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे खाली जुना मजकूर राहील अशा बेतानं, दोन ओळी लिहा: "सर, उद्यापर्यंत कळवलंत तर बरं होईल. जमणार नसेल तरी हरकत नाही, मी दुसरं नाव देईन." नवा मेल करू नका, नाहीतर त्यांना जुना शोधत बसावं लागतं.

मंगळवार संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर ते "नको" समजा आणि सरांचं नाव फॉर्मवर टाकू नका. दुसरं नाव आजच मनाशी ठरवून ठेवा. तेव्हाचे प्रॉडक्शनचे इन्चार्ज जर कंपनी सोडून दुसरीकडे गेले असतील तर ते जास्त मोकळेपणानं बोलू शकतात. पण आधी चाकणला विचारा, थेट वरिष्ठ नसलेला माणूस चालतो का. आणि फॉर्मवर त्यांचं नातं खरं तेच लिहा, "सोबत काम केलेले दुसऱ्या विभागाचे प्रमुख". बढती देऊन त्यांना तुमचे साहेब करू नका.

सर हो म्हणाले, तर एक काम उरतं ते तुमचं. फोन ज्या दिवशी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना नंबर आणि वेळ परत एकदा कळवा. अनोळखी नंबर हल्ली कुणी उचलत नाही, आणि दोनदा उचलला नाही की एजन्सी "संपर्क झाला नाही" लिहून मोकळी होते. पुढे निकाल लागला की, नोकरी मिळो न मिळो, सरांना कळवा. हे मी वळणासाठी सांगत नाही. मी कितीतरी जणांसाठी असे फोन घेतले, आणि पुढे काय झालं ते बहुतेकांनी कधी सांगितलंच नाही. पुन्हा त्यांचा मेसेज आला की मलाही रात्री बघू असंच वाटायचं.